‘अंगावर काटा आला’ म्हणणाऱ्या काकांना

प्रतिक्रिया: “ताई, लेख वाचला. तुमच्या जिद्दीला सलाम. पण औषधाचं वाचून अंगावर काटा आला. मी 34 वर्षं औषधाचं दुकान चालवलं आहे. डोळस माणसंसुद्धा डोस चुकवतात, तिथे तुम्ही सिरिंजला खाच पाडून नखाने मोजता? ड्रॉप्स की सिरप, तेही लिहिलेलं नाही. निदान आजारपणात तरी मूल डोळस नातेवाइकांकडे ठेवावं. लोक प्रश्न विचारतात ते काळजीपोटी, त्यांना फटकारू नये. आणि उद्या ही मुलगीच तुमची काठी होणार, याचा विचार केलात का? राग नसावा.”

काका, राग आहे. ‘राग नसावा’ लिहावं लागतं तिथे तो येणार हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे ते आधीच सांगून टाकते. आणि ‘जिद्दीला सलाम’ कशाला? दिसत नसताना मी मुलीला कशी वाढवते, यावरच्या माझ्या लेखात जिद्द हा शब्दच नव्हता. सिरिंज होती, स्टीलची वाटी होती, पोरीच्या पायातले पैंजण होते. पहिल्या ओळीत सलाम ठोकायचा आणि पाचव्या ओळीत मूल उचलून नातेवाइकांकडे द्यायचं, हे मला जमलं नसतं. तुम्हाला जमलं.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे, ती मान्य करून मोकळी होते. मी नुसतं ‘तापाचं औषध’ लिहिलं होतं, ड्रॉप्स की सिरप ते लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पॅरासिटामॉलचं साधं सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असतं, तर तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम. म्हणजे ड्रॉप्स चौपटीहून जास्त कडक. मुलगी अकरा महिन्यांची, 8 किलोची होती तेव्हा डॉक्टरांनी 4 मिली सिरप लिहून दिलं होतं. म्हणजे 96 मिलिग्रॅम, किलोमागे 12. ताप असताना किलोमागे 10 ते 15 देतात, त्यात ते बसतं. तेच 4 मिली ड्रॉप्सच्या बाटलीतून गेले असते तर पोटात 400 मिलिग्रॅम गेले असते. मूळ लेखात आता ‘सिरप, 5 मिलीत 120’ असं घातलं आहे, आणि प्रत्येक बाळाचा आकडा त्याच्या वजनावर डॉक्टरांनीच सांगायचा, हेही. झालं?

आता तुमचं ‘नखाने मोजता?’. ते प्रश्नचिन्ह तुम्ही ज्या सुरात टाकलंय तो सूर मी शाळेपासून ओळखते. बाराव्या वर्षी माझी नजर पुरती गेली. तेव्हापासून मी जे काही हाताने करते त्याला असंच प्रश्नचिन्ह लागतं. म्हणून जरा सविस्तर सांगते, वाचाच.

5 मिलीची बिनसुईची सिरिंज. तिच्या दांड्याला लांबीच्या दिशेने चार उभ्या पट्ट्या असतात. नणंदेने पाणी भरून दट्ट्या बरोबर 4 मिलीच्या रेषेवर आणला. तिथे नळीच्या कडेला दांड्याचा जो भाग लागला होता, त्याच्या एकाच पट्टीवर नखकापणीच्या कानशीने आडवी खाच पाडली. दांडा ओढताना नख त्या पट्टीवर ठेवायचं. खाच नळीच्या कडेपाशी आली की नख अडकतं. थांबायचं. दृष्टिहीन आया हे कित्येक वर्षं करत आल्यात, मी शोध लावलेला नाही.

आणि ते बरोबर येतं का, हे मी अंदाजाने ठरवलं नाही. दहा वेळा पाणी ओढून एका वाटीत जमा केलं आणि आमच्या गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर वाटी ठेवली. दहा वेळचे 4 मिली म्हणजे 40 ग्रॅम पाणी. काट्यावर 39 आणि थोडे पॉइंट आले. सोनार म्हणाला, “ताई, अंगठीत एवढा फरक मी चालवून घेतला नसता.” औषधात चालतो, काका, तुम्हाला माहीत असेलच. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी किती जणी घरी जाऊन पोह्याच्या चमच्याने औषध देत होत्या? घरातल्या दोन चमच्यांत सहज दीडपट फरक निघतो. त्यांचं वाचून काटा आला होता का?

खरी अडचण मोजण्यात नसते, हवेत असते. सिरिंजमध्ये हवा शिरली की माप खोटं पडतं आणि ती मला दिसत नाही. म्हणून मी बाटलीतून थेट ओढत नाही. सिरप छोट्या उभट वाटीत ओतते, टोक तळाला टेकवते, एकदा ओढून परत ढकलते आणि मग खाचेपर्यंत ओढते. सिरप दाट असतं, दांडा जड येतो. हवा आली की तो एकदम हलका सुटतो आणि ‘सिस्स’ होतं. असं झालं की सगळं परत वाटीत. बाटलीच्या तळाशी थोडंच उरलं की नवी आणते, कारण तेव्हाच हवा जास्त येते. मग मुलीला मांडीवर बसतं धरून टोक गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं, तिच्या गिळण्याचा आवाज ऐकत. आडवं करून घशात पिचकारी मारायची नाही. डोळस बायकांना हे सांगावं लागतं, मला नाही लागलं.

चूकही झाली, लपवत नाही. मुलगी सहा महिन्यांची असताना 2.5 मिलीची खाच होती. वजन वाढल्यावर 4 ची नवी सिरिंज केली, पण जुनी खणातच राहिली. एका रात्री हातात जुनी आली. तासाभराने मान चटकत होती, बोलणारा थर्मामीटर 102 च्या वरच सांगत होता, तेव्हा कळलं. उरलेला डोस घाईने वर देऊन टाकला नाही, डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी सांगितलं तसं केलं. तेव्हापासून नवी खाच पडली की जुन्या सिरिंजचा दांडा मोडायचा, मगच नवी खणात. खाचेत सिरप वाळून बसलं तरी नख अडत नाही, म्हणून धुताना जुना टूथब्रश फिरवायचा. तुमच्या डोळस गिऱ्हाइकांच्या सिरिंजवरचे आकडे चार धुण्यांत पुसले जातात, तेव्हा त्या काय वाचतात?

आणि चार वेळांचा हिशेब. नवऱ्याला एका डोळ्याने अंधुक दिसतं, रात्री तेवढंही नाही. ‘तू दिलंस की मी?’ हा घोळ कुठल्याही घरात होतो, त्यातून दोनदा डोस जातो. आमच्याकडे सकाळी बाटलीच्या मानेला 4 रबरबँड असतात. एक डोस दिला की एक रबरबँड काढून खिडकीच्या खिट्टीला. मानेवर एकही उरला नाही की त्या दिवशीचं औषध संपलं, मग ताप असेल तर दवाखाना. दोन डोसांमधले सहा तास मोबाईलचा गजर सांगतो.

आता दुकानाचं. तुमचं नव्हे, दुसरं एक, नाव घेत नाही. चिठ्ठीवर सिरप लिहिलेलं. दुकानदाराने बाटली पिशवीत टाकली, मी सवयीने बाहेर काढून हातात धरली. सिरपची बाटली 60 मिलीची, मुठीत भरते. ही अंगठ्याएवढी, आणि झाकणाला रबराचा फुगा. ड्रॉप्स! मी म्हटलं, “हे ड्रॉप्स आहेत.” तो म्हणाला, “एकच असतं ताई ते.” चिठ्ठी परत वाचायला लावली, तेव्हा गप्प बसून बदलून दिली. बाटलीवर छापलेलं त्याला वाचता येत होतं, मला येत नव्हतं. पुढच्या वेळी ‘डोळस माणसंसुद्धा चुकतात’ असं लिहाल तेव्हा त्या ‘सुद्धा’चा जरा विचार करा. आमच्या घरात ड्रॉप्सची बाटली ठेवायचीच नाही, हा नियम त्या दिवशीचा.

मूल नातेवाइकांकडे ठेवावं, यावर खरं तर मी बोलणारच नव्हते. पण हे वाक्य नुसतं सल्ल्यावर थांबत नाही, सासरच्या बैठकीत ते निकाल होऊन येतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क कराराच्या 23 व्या कलमात लिहिलंय की आईवडिलांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मूल त्यांच्यापासून तोडायचं नाही. भारताने 2007 मध्ये तो करार मंजूर केला. आपल्या 2016 च्या अपंग हक्क कायद्याचं 9 वं कलम मात्र अपंग मुलाबद्दल बोलतं, अपंग आईबद्दल त्यात शब्द नाही. त्या फटीत तुमच्यासारखे सल्ले फार आरामात बसतात. आजारी मूल रात्री आईला शोधतं, काका. आईचे डोळे शोधत नाही.

‘काळजीपोटी’ विचारणाऱ्यांचं थोडक्यात. काळजी असलेला माणूस मला विचारतो: “रस्ता ओलांडायचाय का?” बाकीचे माझ्या डोक्यावरून शेजारणीला विचारतात: “हिचं सगळं कोण करतं?” बसमध्ये: “मुलगीही तशीच आहे का?” माझी पद्धत साधी आहे. मुलगी जवळ असेल तर उत्तर तिच्या कानासाठी द्यायचं, विचारणाऱ्यासाठी नाही. ‘कोण करतं?’ला ‘मी करते’, एवढंच, मग मुलीशी बोलणं पुढे चालू. दुसऱ्यांदा विचारलं तर: “तुम्ही डॉक्टर आहात का?” नसतात. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही अजून. पैंजणांबद्दल कुणी विचारलं तर मात्र थांबून सांगते की त्यांच्या आवाजावरून ती कुठे आहे ते कळतं, कारण त्यातून पुढच्या माणसाला काही तरी घरी नेता येतं. याला तुम्ही फटकारणं म्हणत असाल तर म्हणा.

राहिली काठी. मुलगी आता चार वर्षांची आहे. रस्त्यात माझ्या उजव्या हातात पांढरी काठी असते, डाव्या हातात ती, आणि पुढे मी असते. मागच्या आठवड्यात भाजीवाली तिला म्हणाली, “आईला सांभाळतेस ना गं?” मी म्हटलं, “ती तिची बाहुली सांभाळते.” विषय संपला. टोमॅटो किडका आहे का ते ती मला न विचारता सांगते, ते मी थांबवलेलं नाही. एवढंच सांगते.

तिचं वजन आता 15 किलो. डॉक्टरांनी नवा आकडा दिलाय, 5 मिलीच्या सिरिंजमध्ये तो मावत नाही, दोनदा ओढावं लागतं आणि मध्येच कुणी बोललं तर मोजणी चुकते. 10 मिलीची बिनसुईची आमच्या इकडच्या दुकानांत मिळत नाही. तुमचं दुकान अजून चालू असेल तर दोन ठेवा, नणंद येऊन घेऊन जाईल. पैसे देऊन.