अठराच्या अठरा प्रश्न एकाच निष्पत्तीत??

समरूपतेच्या प्रकरणाचा तक्ता तपासायला आला होता, डावीकडे सरावसंचातला प्रश्न आणि उजवीकडे तो कुठल्या अध्ययन निष्पत्तीला जातो त्याचा नंबर. भरणाऱ्यांनी 18 च्या 18 प्रश्न 'कसोटी वापरून दोन त्रिकोण समरूप आहेत का ते ठरवतो व कारण देतो' यात टाकून मोकळे! का, तर प्रकरणाचं नावच समरूपता.

मग मी पेन्सिल घेऊन सगळे सोडवायलाच बसले आणि प्रत्येकापुढे एकच लिहीत गेले, इथे पोराला स्वतः काय ठरवावं लागतं. 11 प्रश्नांत 'त्रिकोण समरूप आहेत' हे आधीच सांगून टाकलंय, म्हणजे ठरवायचं काही उरतच नाही, फक्त गुणोत्तर मांडा आणि बाजू काढा. वाईट नाहीत ते, पण ते 'बाजू काढतो' या निष्पत्तीचे आहेत. निष्पत्तीतलं क्रियापद बघायचं, प्रकरणाचं नाव नाही, एवढंच माझं म्हणणं.

त्यातल्या त्यात एक प्रश्न छान निघाला. त्रिकोण ABC मध्ये AB वर D, AC वर E, DE ∥ BC, AD = 3, DB = 5, BC = 16, तर DE किती? बरीच पोरं 3/5 घेऊन 9.6 काढतात. खरं उत्तर 6, कारण लहान त्रिकोणाची बाजू AD आणि मोठ्याची अख्खी AB, म्हणजे 8. उत्तर 9.6 आलं की लगेच कळतं, पोराने दोन त्रिकोण वेगळे बघितलेच नाहीत, प्रमाणाच्या प्रमेयातलं AD/DB उचलून इथे चिकटवलं. (आकृतीत नुसतं AE, EC विचारलं असतं तर ही चूक दिसलीच नसती, तिथे 3/5 चालतं.)

पण 'ठरवतो' चं काय? त्यासाठी 'नाही' असं उत्तर असणारा प्रश्न हवाच, आणि अख्ख्या संचात तसा एकही नव्हता, म्हणजे पोराने डोळे झाकून 'समरूप' लिहिलं तरी पास. म्हणून मी एक घातला: AB = 4, BC = 6, ∠C = 40° आणि PQ = 6, QR = 9, ∠R = 40°. बाजू 2:3, कोन सारखे, पोरगं खुशीत बाजू-कोन-बाजू, म्हणजे बाकोबा कसोटी लिहून मोकळं. पण 40° चा कोन त्या दोन बाजूंच्या मधला नाहीये! या मापांचे दोन वेगळे त्रिकोण काढता येतात, ∠A साधारण 75° चा किंवा 105° चा. त्यामुळे समरूप आहेतच असं म्हणता येत नाही. कंपासने काढून बघा, C पासून 6 वर B, तिथून 4 चा कंस, समोरच्या रेषेला दोनदा कापतो.

यावर सोबतचे सर म्हणाले, "मॅडम, हा फार वाकडा आहे हो, पोरं गडबडतील." अहो पण गडबडतात का तेच तर बघायचंय ना, निष्पत्तीत 'कारण देतो' आपणच लिहिलंय!

शेवटी तो राहिला, आणि 11 पैकी 4 प्रश्नांतून 'समरूप आहेत' हे शब्द काढले. आकडे तेच, आकृती तीच. उरलेल्या 7 चा नंबर बदलला. आता प्रमेय सिद्ध करायच्या निष्पत्तीपुढे एकच प्रश्न दिसतोय आणि तोही पाठ करून लिहिता येण्यासारखा, त्यावर पुढच्या बैठकीत भांडण आहे.