आंतिग्वो आधी की नंतर: एका प्रतिक्रियेला उत्तर

स्पॅनिशमध्ये आंतिग्वो हे विशेषण नामाच्या आधी आलं की नेहमी ‘माजी’ आणि नंतर आलं की ‘जुना’, तसंच पोब्रे म्हणजे गरीब आणि नुएबो म्हणजे नवीन यांचाही अर्थ जागेनुसार बदलतो, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

‘विशेषण आधी आलं की आंतिग्वो म्हणजे नेहमी माजी, असं बिनदिक्कत ठोकून दिलंय. मग आंतिग्वा ग्रेसिया म्हणजे माजी ग्रीस का? पोब्रे आणि नुएबोचंही तेच. नियम पाठ करून भाषा येत नसते. अर्धवट ज्ञानावर क्लास घेणं थांबवा.’

नमस्कार. शेवटचं वाक्य नसतं तर मी आभार मानून मोकळी झाले असते. चौदा वर्षं स्पॅनिश शिकवतेय, चूक दाखवणाऱ्यावर कधी रागावले नाही. पण चूक दाखवणं वेगळं आणि लायकी काढणं वेगळं.

‘नेहमी’ हा शब्द चुकला, मान्य. काढलाय.

आता ग्रीस. नामाच्या आधी बसलेल्या आंतिग्वोचा ‘माजी’ हा अर्थ कधी निघतो? नामात सुटू शकेल असं काही असेल तेव्हा: पद, नातं, वापर. आंतिग्वो आलुम्नो म्हणजे माजी विद्यार्थी. ग्रीस हे पद नाही, ते सुटत नाही; म्हणून तिथे अर्थ उरतो ‘प्राचीन’. स्पेनमध्ये ग्रनादाला आलाम्ब्रा राजवाड्याच्या आवारात एका मठाचं आता हॉटेल झालंय. त्याला आंतिग्वो कोन्बेन्तो म्हणतात. इमारत पंधराव्या शतकातली, म्हणजे जुनी आहेच; पण हा आंतिग्वो वयाबद्दल बोलत नाही, आता इथे मठ नाही एवढंच सांगतो. कोन्बेन्तो आंतिग्वो म्हणालात तर मठ जुना, आत आजही प्रार्थना चालू असेल. पडताळा हवा तर ‘एल कोन्बेन्तो एस आंतिग्वो’ असं वाक्य करून बघा. ‘माजी’ हा अर्थ तिथे निघूच शकत नाही. हे सगळं लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलंच नाही, असं दिसतं.

पोब्रे ओम्ब्रे म्हणजे बिचारा माणूस, ओम्ब्रे पोब्रे म्हणजे गरीब माणूस. यात काय खुपलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि नियम पाठ करण्याबद्दल. मी भाषांतराची कामं नुकती घ्यायला लागले होते, तेव्हा एका कारखान्यासाठी स्पेनहून आलेलं पत्र मराठीत केलं. त्यात बिघडलेल्या यंत्राच्या बदल्यात ‘उना नुएबा माकिना’ पाठवतो, असं होतं. मी लिहिलं, ‘कोरं यंत्र’. खोकं उघडलं तर पॅनेलवर ओरखडे, बोल्टच्या कडा झिजलेल्या, वरून ताजा रंग. मालक माझ्यावर उखडले, आणि चूक माझीच होती. नुएबा नामाच्या आधी आलं की ‘दुसरं, बदली’; ते कोरं आहे असं त्या पत्रात कुठेच नव्हतं. ‘नवीन यंत्र’ हा आपला मराठी शब्द दोन्ही अर्थ पोटात घेतो, म्हणून मी फसले.

नामानंतर बसलेलं नुएबोसुद्धा बोलण्यात कधी कधी नुसतं ‘दुसरं’ सांगतं. ‘तेन्गो कासा नुएबा’ म्हणणाऱ्याने घर फक्त बदललेलं असू शकतं. म्हणून पैशाचा व्यवहार असेल तिथे मी विद्यार्थ्यांना विशेषणाच्या जागेवर विसंबू देत नाही. ‘सिन उसार’, न वापरलेलं, असं स्पष्ट लिहायला लावते.