चांगला माणूस हातचा कसा घालवावा

रात्री १ वाजून ४० मिनिटांनी नोकरीसाठी अर्ज केला आणि १ वाजून ४३ मिनिटांनी 'आपल्या प्रोफाइलचा काळजीपूर्वक विचार करून' नकार आला, तर उगाच चिडू नये. तीन मिनिटं काळजी घेतली, हे काय कमी आहे? उलट एचआरमधल्या मंडळींचं हे काम आणखी चोख व्हावं, म्हणून त्यांनाच काही सूचना.

जाहिरात मागच्या जाहिरातीवरून जशीच्या तशी उचला. ती कुणी लिहिली होती, विचारू नका.

करिअरमध्ये सहा महिन्यांची गॅप दिसली की माणूस बाद. घाबरू नका, तुम्ही एकटे नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचरच्या २०२१ च्या अहवालात जवळपास निम्म्या कंपन्या हेच करताना सापडल्या. आईचं आजारपण, बाळंतपण वगैरे कारणं अर्ज चाळणाऱ्या सिस्टीमच्या रकान्यात बसत नाहीत, त्याला तुम्ही तरी काय करणार!

आणि मुख्य म्हणजे, शब्दाला शब्द जुळलाच पाहिजे. चाकणच्या एका पॅकिंग कारखान्याचंच घ्या. त्यांना ऑटोमेशन मेंटेनन्सला माणूस हवा होता. फिल्टर असा:

```
"PLC programming" AND "SCADA"
```

एका पठ्ठ्याने रेझ्युमेत लिहिलं होतं: S7-1200, TIA Portal, लॅडर लॉजिक, WinCC. S7-1200 हा पीएलसीच, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कंप्यूटर, TIA Portal मध्येच त्याचं प्रोग्रॅमिंग होतं आणि WinCC म्हणजे स्काडा, मशीनवर पडद्यावरून लक्ष ठेवायचं सॉफ्टवेअर. पण फिल्टरमधले ते दोन पवित्र शब्द कुठेच नाहीत. पोळ्या, वरण-भात, भाजी येते म्हणाला, 'स्वयंपाक' म्हणाला नाही, घालवा घरी. वर त्याचा रेझ्युमे फुकट टेम्प्लेटमधला, दोन कॉलमचा. सिस्टीमने डावी-उजवीकडची ओळ सलग वाचली आणि नोकरीची वर्षं छंदांच्या शेजारी जाऊन बसली. '२०१६ ते २०२३ क्रिकेट.' अनुभव: शून्य वर्षं. नापास.

जागा तीन महिने रिकामी राहिली. प्लँट हेड रोज फोन करायला लागले, तेव्हा तिथल्या रिक्रूटर बाईंनी एक आगाऊपणा केला. सिस्टीमने आपोआप नाकारलेल्या अर्जांची यादी काढली, त्यातले 'अनुभव शून्य' कारणाचे वेगळे केले आणि मूळ पीडीएफ उघडून वाचले. याच्या पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तेव्हा क्रिकेटचा घोटाळा दिसला. तांत्रिक भाग त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो शिफ्टच्या मेंटेनन्स इंजिनिअरला पाठवला. त्याचा लगेच फोन: "मॅडम, ह्याला आजच बोलवा."

मुलाखतीत प्लँट हेडनी अडचण सांगितली. लाइनवरचं चेकवेयर, म्हणजे बॉक्सचं वजन तपासणारं यंत्र, मध्येच बरोबर वजनाचे बॉक्ससुद्धा बाहेर ढकलतं. त्यातला वजन मोजणारा सेन्सर, लोड सेल, दोनदा बदलून झाला. ह्याने विचारलं, "लोड सेलची वायर आणि व्हीएफडीकडून मोटरला जाणारी केबल एकाच ट्रेमध्ये आहे का, सर?" होती. लोड सेलचा पूर्ण भाराचा सिग्नलच साधारण २० मिलिव्होल्टचा. शेजारच्या व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचा, नॉइज त्यात मिसळला की वजन उड्या मारतं. सेल कितीही बदला, फरक पडत नाही. रुजू झाल्यावर त्याने सिग्नलची केबल वेगळ्या ट्रेमधून नेली आणि तिच्यावरची जाळी, शील्ड, दोन्ही टोकांना अर्थ केलेली होती, ती एकाच टोकाला ठेवली. चांगले बॉक्स बाहेर पडायचे थांबले.

आता जरा सरळच बोलतो. चेकवेयर चुकतंय हे त्या कारखान्याला कळलं, कारण बाहेर फेकलेले बॉक्स कुणीतरी दुसऱ्या काट्यावर परत तोलत होतं. दहा रुपयांच्या मालासाठी एवढी काळजी! आणि तुमच्या फिल्टरने फेकलेली माणसं कोण तोलतं? कुणीही नाही. मग तो बरोबर चाललाय हे कशावरून म्हणता? 'कँडिडेटच मिळत नाहीत हो' असं रडायचं, आणि मिळालेले शेकड्याने नाकारलेल्यांच्या फोल्डरमध्ये पडलेत, तो एकदाही उघडायचा नाही. 'सिस्टीमने रिजेक्ट केलं' हे तर सांगूच नका. तो AND सिस्टीमने स्वतःहून टाकलेला नाही, तुमच्यापैकीच कुणीतरी टाकला. तिथे हे लिहायला किती वेळ लागतो?

```
(PLC OR "S7-1200" OR "TIA Portal" OR ladder)
```

पण त्यासाठी मेंटेनन्सवाल्याला आधी विचारावं लागतं की तुमच्याकडे या कामाला काय काय म्हणतात. तेवढं विचारा. आणि दर महिन्याला नाकारलेल्यांतले तीस अर्ज, कुठलेही, काम कळणाऱ्या माणसाशेजारी बसून वाचा. त्यातले दोन जरी बोलावण्यासारखे निघाले, तर त्या दिवशी फिल्टर बंद करा आणि आधी त्या दोघांना फोन लावा.