जुने पेपर सोडवायच्या आधी नुसते वाचा

मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला आलेल्या मुलांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो, "आधी इंग्रजी सुधार." मग कोणी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावतं, कोणी रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला बसतं. मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. फिजिक्सच्या उत्तरपत्रिकेत लागणारं इंग्रजी अगदी थोडं आहे. पाच-सहा क्रियापदं, वाक्याचे मोजके साचे आणि विषयाच्या संज्ञा. हे सगळं बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत आणि त्यांच्या उत्तरांत आयतं सापडतं. पण आपण मुलांच्या हातात जुना पेपर देतो तो सरळ तीन तास लावून सोडवायला. ज्याला प्रश्नच नीट लागलेला नाही, तो काय सोडवणार?

म्हणून माझ्या मुलांना मी सांगते, पहिले तीन-चार पेपर सोडवायचेच नाहीत. पेन्सिल घेऊन वाचायचे. प्रत्येक प्रश्नातलं काम सांगणारं क्रियापद अधोरेखित करायचं आणि संज्ञेभोवती गोल करायचा. 'डिफाइन' म्हटलं की व्याख्या, एका पूर्ण वाक्यात. 'स्टेट' म्हटलं की नियम जसाच्या तसा मांडायचा, सिद्धता नको. मराठी माध्यमाच्या मुलांना 'स्टेट' म्हणजे राज्य किंवा पदार्थाची अवस्था एवढंच माहीत असतं, त्यामुळे हा प्रश्न ती सोडून तरी देतात, नाहीतर पानभर लिहितात. 'डिराइव्ह' आणि 'ऑब्टेन ॲन एक्स्प्रेशन फॉर' हे दोन्ही एकच, सूत्र पायरीपायरीने काढायचं. 'शो दॅट' असेल तर शेवटचं सूत्र प्रश्नातच दिलेलं असतं, तिथपर्यंत फक्त पोहोचायचं. आणि प्रश्नाच्या मध्येच 'हेन्स' आला, तर पुढचा भाग आधीच्या निष्कर्षावरूनच काढायचा असतो. तिथे नव्याने सुरुवात केली की वेळही जातो आणि गुणही.

आता एक प्रश्न पूर्ण घेते, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल. पृष्ठताणाची व्याख्या द्या आणि पृष्ठताण व पृष्ठीय ऊर्जा यांचा संबंध काढा, अशा अर्थाचा प्रश्न. माझ्या वर्गातल्या एका मुलीला पृष्ठताण उत्तम कळला होता. पाण्यावर सुई का तरंगते, थेंब गोल का होतो, हे तिने मला मराठीत घडाघडा सांगितलं. वहीत मात्र तिने लिहिलं होतं, "सरफेस टेन्शन इज फोर्स ऑन लेंथ ऑफ वॉटर." तपासणाऱ्याला यात गुण द्यायला जागाच नाही. पुस्तकातली व्याख्या आम्ही तिच्यासमोर मांडून तिचे तुकडे केले. बल कसलं, तर 'टँजेन्शियल', म्हणजे पृष्ठभागाला समांतर. किती, तर 'पर युनिट लेंथ'. कुठे, तर द्रवाच्या मुक्त पृष्ठभागावर काढलेल्या काल्पनिक रेषेच्या दोन्ही बाजूंना, रेषेला लंब. एवढे तुकडे आले की व्याख्या झाली. ते एकमेकांना जोडायला लागणारं व्याकरण तिला दहावीपासून येत होतं.

यातला 'पर युनिट' तिने वेगळा लिहून ठेवला आणि मग तो तिला जुन्या पेपरांच्या उत्तरांत जागोजागी भेटायला लागला. दाब म्हणजे 'फोर्स पर युनिट एरिया', विद्युत विभव म्हणजे 'वर्क डन पर युनिट चार्ज'. नववी-दहावीला 'एकक क्षेत्रफळावरील' म्हणून ती हेच शिकली होती. एक साचा हाती आला की अर्ध्या डझन व्याख्या सुटतात.

सूत्र काढतानाही तसंच. तारेची आयताकृती चौकट, तिची एक बाजू सरकती, तिची लांबी L. चौकटीत साबणाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा. ही मांडणी लिहायला 'कन्सिडर' पुरतो, चिन्हं सांगायला 'लेट'. पृष्ठताण T. पापुद्र्याला दोन पृष्ठभाग असतात, म्हणून सरकत्या तारेला आत ओढणारं बल 2TL. तार dx ने बाहेर ओढली तर केलेलं कार्य dW = 2TL dx. क्षेत्रफळही दोन्ही बाजूंनी वाढतं, म्हणून dA = 2L dx. यावरून dW = T dA, आणि हेच कार्य पृष्ठीय ऊर्जा म्हणून साठतं. या सगळ्याला 'सिन्स', 'बट' आणि 'देअरफोर' एवढे तीनच जोडशब्द लागतात. मी मुलांना आधी हे मराठीत मोठ्याने बोलायला लावते, मगच इंग्रजीत लिहायला. नुसतं पाठ केलेलं चटकन ओळखू येतं. "हा 2 कुठून आला?" असं विचारायचं. ज्याला कळलंय तो लगेच 'दोन पृष्ठभाग' म्हणतो. ज्याने घोकलंय तो गप्प बसतो, आणि परीक्षेत नेमका तोच 2 विसरतो.

उदाहरणांची, म्हणजे न्यूमरिकल्सची, अडचण वेगळीच आहे. तिथे माहिती शब्दांत लपलेली असते. 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, पण आकडा कुठेच छापलेला नसतो, त्यामुळे मूल म्हणतं की माहिती अपुरी आहे. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे. हा शब्द अडला की पहिल्या वस्तूचं वस्तुमान दुसरीला लावलं जातं. 'नॉर्मल' म्हणजे आपण प्रकाशाच्या धड्यात काढायचो ती स्तंभिका. तिच्याशी केलेला कोन पृष्ठभागाशी धरला तर गणितातलं सगळं बरोबर करूनही उत्तर चुकतं. अशा मुलाला आपण 'गणित कच्चं' म्हणून मोकळे होतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याचं गणित चांगलं असतं, एक शब्द अडलेला असतो.

शब्दांची वही करायचीच, पण दोन रकान्यांची नको. मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा स्पेलिंगसह, आणि तिसऱ्या रकान्यात तो शब्द ज्या प्रश्नात आला ते अख्खं वाक्य पेपरातून उतरवून. तिसऱ्या रकान्याशिवाय ती वही म्हणजे नुसती यादी, आणि यादी परीक्षेत आठवत नाही.

जुने पेपर निवडताना एक पथ्य पाळा. बारावीचा सध्याचा अभ्यासक्रम 2020-21 पासूनचा आहे, आणि 2021 ची लेखी परीक्षा कोरोनामुळे झालीच नाही. त्यामुळे या अभ्यासक्रमाचे खरे पेपर 2022 पासूनचे, त्यातही 2022 चा कमी केलेल्या अभ्यासक्रमावरचा. त्याआधीचे पेपर भाषेसाठी बिनधास्त वाचा. धडे आणि गुणांची विभागणी मात्र त्यांवरून ठरवू नका. उत्तरं गाईडपेक्षा पाठ्यपुस्तकातून काढा, कारण गाईडमध्ये मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात आणि गुण त्याच पायऱ्यांना असतात.

माझ्यासारख्या शिक्षकांना एक विनंती. अकरावीच्या पहिल्या चाचणीपासून प्रश्नाची भाषा बोर्डाचीच ठेवा आणि पेपर वाटल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त प्रश्न वाचून त्यांचा अर्थ मराठीत सांगण्यासाठी द्या. सुरुवातीच्या दोन-तीन चाचण्यांपुरतं एवढं केलंत तरी उत्तरपत्रिकेतली कोरी पानं कमी होतात, हे मी माझ्या वर्गात पाहिलंय.