औषधांचा चार्ट दोन ठिकाणी नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

«एका दिवसात कागद बंद करा, हे बाहेरून लिहायला सोपं आहे. मी मेडिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. रात्री दोनला सिस्टीम बंद पडली तर औषध काय बघून द्यायचं? निदान तीन महिने कागद आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवा, म्हणजे एकीकडची चूक दुसरीकडे सापडेल.»

सिस्टर, रात्री दोनचा प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे येतोच. पण औषधांच्या चार्टपुरता तरी ‘दोन्ही चालू ठेवा’ याला माझा ठाम विरोध आहे.

रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, जुनी डिस्चार्ज कार्डं काही महिने दोन्हीकडे राहिली तरी फारसं बिघडत नाही, कारण ती फक्त वाचायची असतात. औषधाचा चार्ट हा डॉक्टरांचा आदेशही असतो आणि डोस दिल्याची नोंदही. समजा, उद्या प्रोसिजर आहे म्हणून डॉक्टरांनी राऊंडला एनॉक्सापॅरिन स्क्रीनवर बंद केलं. कागदावर ते तसंच राहिलं. संध्याकाळच्या सिस्टरनी कागद बघून इंजेक्शन दिलं आणि सही केली. दोघांनीही समोर दिसलं तसंच केलं. तुम्ही म्हणता तशी चूक दुसरीकडे सापडेल, पण सुई टोचून झाल्यावर. शिवाय दुहेरी नोंद करायला लावली की दुसरी नोंद ड्युटी संपताना, आठवेल तशी होते.

म्हणून एका वॉर्डातले सगळे पेशंट एकाच दिवशी कागदावरून कॉम्प्युटरवर हलवायचे. वेळ सकाळचे डोस देऊन झाल्यानंतरची, दहा-साडेदहाची. डॉक्टर आदेश भरतात, फार्मासिस्ट कागदाशी ओळ न् ओळ ताडून बघतो. पेशंटमागे पंधरा मिनिटं धरली तर 24 खाटांना एका जोडीला सहा तास लागतील आणि मध्येच दुपारचे डोस येतील. तीन जोड्या लावल्या तर दोन तासांत उरकतं. त्या दिवशी ठरवून घ्यायची भरती ठेवू नये, हे सांगायला नकोच.

सगळ्यात जास्त घोळ यानंतरच्या तपासणीत होतो आणि ती सिस्टरनीच करायची असते: शेवटचा डोस कधी दिला? पॅरासिटामॉल एक ग्रॅम, गरजेनुसार, असा आदेश आहे. साडेदहाला कागदावर दिलं, अकराला पेशंट स्क्रीनवर आला. साडेबाराला त्याला कणकण वाटते. स्क्रीनवर एकही डोस दिसत नाही, म्हणून पुन्हा दिलं जातं. दोन डोसांत चार तास तरी हवेत, इथे दोनच झाले. म्हणून आधीचा डोस त्याच्या खऱ्या वेळेसह सिस्टीममध्ये भरायचा, मगच कागदी चार्टवर तिरकी रेघ मारून ‘बंद’, वेळ आणि सही. तो चार्ट लगेच खाटेपासून दूर न्यायचा. इन्सुलिन आणि वॉरफरिनला ही काळजी दुप्पट, कारण त्यांचा आजचा डोस कालच्यापेक्षा वेगळा असू शकतो.

आता रात्री दोन. वॉर्डात एक कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, त्याला प्रिंटर थेट जोडलेला. प्रत्येक पेशंटच्या चार्टची ताजी प्रत ठरावीक मिनिटांनी आपोआप त्यावर साठते आणि नेटवर्क नसतानाही उघडते. सिस्टीम पडली की ती छापायची. तेवढा वेळ कागद हाच एकमेव चार्ट. सिस्टीम परत आली तरी मधले डोस भरून होईपर्यंत त्या पेशंटसाठी स्क्रीन वापरायची नाही. वॉर्ड हलवण्याआधी एका रात्रपाळीला नेटवर्कची केबल मुद्दाम काढून बघा. प्रिंट निघाली नाही तर तारीख पुढे ढकला. हे सांगायचा अधिकार तुमचाच असायला हवा.

घाईची भीती मात्र खोटी नाही. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयाचा 2005 सालचा अभ्यास या क्षेत्रात अजून चर्चेत असतो. संगणकावर आदेश सुरू झाल्यावर, बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधले मृत्यू 2.80 टक्क्यांवरून 6.57 टक्क्यांवर गेले. पूर्वी मूल वाटेत असतानाच आदेश लिहून ठेवता यायचे. नव्या पद्धतीत ते पोचून नोंदणी झाल्याशिवाय लिहिता येईनात. दुसरा कागद ठेवून हा वेळ वाचला नसता. आदल्या महिन्यात खऱ्या पेशंटचा प्रवास दारापासून खाटेपर्यंत सिस्टीमवर चालवून बघितला असता, तर हा अडथळा आधीच दिसू शकला असता. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयात तशीच सिस्टीम आली, तेव्हा मृत्युदरात अशी वाढ दिसली नाही.

राहता राहिलं, सुरू झाल्यावर बिघडतंय हे ओळखायचं कसं. पहिल्या आठवड्यात रोज रात्री आठच्या डोसांच्या नोंदीच्या वेळा काढा. सगळ्या सव्वादहाच्या आसपास दिसल्या तर समजा, कुणाच्या तरी खिशात चिठ्ठी आहे. त्यांना रागावण्याआधी ट्रॉलीवरच्या कॉम्प्युटरची बॅटरी किती वेळ टिकते ते बघा.