न्हाण्याआधी तेल कुठे लावायचं आणि किती वेळ ठेवायचं

लेकीचे केस कमरेपर्यंत आहेत. बोअरच्या पाण्याच्या घरात राहायला गेलो आणि वर्षभरात ते झाडूसारखे कोरडे झाले. मी शनिवारी वाटीभर तेल डोक्यात जिरवायची, सोमवारी न्हायला घालायची. चिकटपणा जावा म्हणून दोनदा, कधी तीनदा शाम्पू. वाळल्यावर शेंडे आणखीच राठ. तेल कमी पडतंय असं समजून मी ते वाढवत गेले. चूक नेमकी तिथेच होती.

केस न्हाताना पाणी पितात आणि फुगतात. त्यावरचे खवले उचलले जातात, चोळताना एकमेकांवर घासतात, आणि केसातलं थोडं प्रथिन निघून जातं. जो कोरडेपणा हाताला लागतो तो बराचसा या खरखरीत खवल्यांचा असतो. आधी लावलेलं खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि हे फुगणं कमी करतं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे त्याला आत शिरता येतं. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल केसांवर लावून तपासलं, तर प्रथिनाची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगायला हवं. पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे.

म्हणून मी म्हणते, तेल लावावं, पण केसांच्या लांबीला. आता आदल्या रात्री दोन चमचे खोबरेल घेते. थंडीत थिजलं तर वाटी गरम पाण्यात ठेवते, गॅसवर नाही. तळहातावर पसरून कानाच्या खालपासून शेंड्यांपर्यंत लावते, मग सैल वेणी. सकाळी शाम्पू एकदाच, तोही टाळूला. खाली जो फेस ओघळतो तेवढा लांबीला पुरतो.

आत शिरायला तेलाला वेळ लागतो, त्यामुळे रात्रभर ठेवणं उत्तम. तेवढं जमत नसेल तर दोन-तीन तास तरी ठेवा. अगदी न्हायच्या आधी लावलं तरी केस घासण्यापासून थोडे वाचतात, पण आत फारसं जात नाही. दोन-दोन दिवस ठेवू नका. धूळ चिकटते, शाम्पू जास्त लागतो, आणि कमावलेलं सगळं त्यातच जातं. तेल जास्त झालं का ते ओळखायचं सोपं आहे: एका शाम्पूत निघालं नाही तर पुढच्या वेळी अर्धं घ्या.

कोंडा असेल तर टाळूला तेल चोळू नका. कोंड्यात हात असलेली बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच पोसते. आणि फाटे फुटलेले शेंडे तेलाने जुळत नाहीत. लेकीचे दोन इंच कापावेच लागले. तिला रडू आलं, मलाही वाईट वाटलं. पण परवा वेणी घालताना फणी खालपर्यंत एकदाही न अडकता गेली.