उभ्या वर्तुळाचा माथा आणि दोरीचा ताण

«दोरीला बांधलेला दगड उभ्या वर्तुळात फिरवताना तो माथ्यापर्यंत चढेल एवढी ऊर्जा दिली की पुरे, तळाशी √(4gr) वेग असला की वर्तुळ पूर्ण होते. माथ्यावर गुरुत्वबल आणि अपकेंद्री बल एकमेकांना तोलतात, म्हणून दगड पडत नाही. आणि दगड जितका जड, तितका वेग जास्त लागतो.»

मधला मुद्दा आधी घेतो, कारण सगळी गल्लत तिथूनच सुरू होते. माथ्यावर असताना दगडावर दोनच बले असतात, गुरुत्वबल आणि दोरीचा ताण, आणि दोन्ही त्याला खालीच ओढतात. अपकेंद्री बल हे दगडाबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाने आपला हिशेब जुळावा म्हणून घेतलेले आभासी बल आहे. जमिनीवरून पाहणाऱ्याच्या मांडणीत त्याला जागा नाही. बले खरोखरच तोलली गेली असती, तर दगडाला त्वरण उरले नसते आणि तो वर्तुळ सोडून सरळ आडवा निघून गेला असता. वर्तुळावर राहण्यासाठी केंद्राकडे mv²/r एवढे बल लागते, म्हणून माथ्यावर T + mg = mv²/r. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही; त्यामुळे T ऋण होणे शक्य नाही, आणि T = 0 या सीमेवर v = √(rg) हा किमान वेग मिळतो.

दगड पडत नाही असे म्हणण्यापेक्षा तो पडतोच, पण वर्तुळही तेवढेच खाली वळलेले असते, असे म्हणणे योग्य ठरेल. दोरी १ मीटर आणि g = ९.८ घेतल्यास किमान वेग ३.१३ मीटर प्रति सेकंद येतो. माथ्यापासून पुढच्या ०.१ सेकंदात दगड सुमारे ३१ सेंटिमीटर आडवा सरकतो, आणि केवळ गुरुत्वाने तो ४.९ सेंटिमीटर खाली येईल. वर्तुळ तेवढ्या अंतरात ५ सेंटिमीटर खाली वळते. उरलेला मिलिमीटर दोरी ओढून घेते. वेग २ मीटर प्रति सेकंद असता, तर वर्तुळ २ सेंटिमीटरच वळले असते, दगड मात्र ४.९ सेंटिमीटर पडून वर्तुळाच्या आत आला असता, म्हणजेच दोरी सैल पडली असती.

आता ऊर्जेचा मुद्दा, जो वरवर पाहता बिनतोड वाटतो. हात स्थिर धरून दगडाला तळाशी √(4gr), म्हणजे ६.२६ मीटर प्रति सेकंद, एवढा वेग दिला, तर ऊर्जा २ मीटर उंचीला पुरेल एवढी आहे हे खरे. पण दगड चढताना वेग घटतो, ताणही घटतो, आणि तळापासून १.६७ मीटर उंचीवर, वेग अजून २.५६ मीटर प्रति सेकंद शिल्लक असतानाच, ताण शून्य होतो. तिथून पुढे दगड फेकलेल्या वस्तूसारखा अन्वस्त मार्गाने जातो. त्याच्या वेगाचा १.७० मीटर प्रति सेकंद एवढा आडवा भाग कमी करणारे आता काहीच नसते, म्हणून त्या भागातली गतिज ऊर्जा उंची मिळवण्याच्या कामी येत नाही. परिणामी दगड १.८५ मीटरपर्यंतच चढतो, माथ्याच्या १५ सेंटिमीटर खालून पलीकडे जातो, आणि समोरच्या बाजूला खालच्या भागात दोरी पुन्हा ताठ होताना हाताला हिसका बसतो. प्रयोग करणाऱ्याला चूक कळते ती या हिसक्यावरून.

वर्तुळ पूर्ण व्हायचे, तर माथ्यावर √(rg) वेग उरलाच पाहिजे. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाने तळाशी मग √(5gr) लागतो, जो आपल्या दोरीसाठी बरोबर ७ मीटर प्रति सेकंद येतो. हाताने गरगर फिरवताना आपण मनगटाच्या हालचालीतून प्रत्येक फेऱ्यात ऊर्जा घालत असतो, त्यामुळे तळाचा हा आकडा तिथे काटेकोरपणे लागू पडत नाही. माथ्याची अट मात्र, हात फारसा हलत नसेल तोवर, तशीच राहते.

जडपणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. mg = mv²/r या समीकरणात m दोन्हीकडून निघून जातो. वस्तुमान महत्त्वाचे ठरते ते दोरीच्या मजबुतीसाठी, कारण किमान वेगाच्या फेऱ्यातही तळाशी ताण 6mg असतो: २०० ग्रॅमच्या दगडासाठी जवळपास १२ न्यूटन, तर १ किलोच्या दगडासाठी ५९ न्यूटन.

√(4gr) हा आकडा कुठून आला, हेही सांगता येते. दोरीच्या जागी हलकी पण ताठ दांडी असेल, तर ती दगडाला माथ्यावर खालून आधार देऊ शकते. तिथे T ऋण होण्याला आडकाठी नसते आणि माथ्यावरच्या वेगाची किमान मर्यादा शून्य ठरते. दांडीचे हे उत्तर दोरीच्या प्रश्नाला चिकटवले गेले आहे.